चार कॅप्सूल आणि अर्धा चमचा दालचिनी

*"वय 57, वजन 54 किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन 500 सकाळ-रात्र आणि कोलेस्टेरॉलसाठी अटोर्वास्टॅटिन 10 चालू आहे. चार महिन्यांपूर्वी भाच्याने दालचिनीच्या कॅप्सूल आणून दिल्या. 500 मिलीग्रॅमच्या दोन सकाळी, दोन रात्री घेते. शिवाय सकाळी कोमट पाण्यात अर्धा चमचा दालचिनीपूड. उपाशीपोटीची साखर 148 वरून 131 झाली, म्हणून महिन्यापूर्वी रात्रीची मेटफॉर्मिन मीच सोडली. आता तपासणी शिबिरात एसजीपीटी 71 निघालं. मागच्या वर्षी 34 होतं. एचबीएवनसी 7.4 होतं, ते 7.3 आहे. बहीण म्हणते, दालचिनी तर आपण मसाल्यात खातोच, हे कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे असणार, ती बंद कर. डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगितलेलं नाही, रागावतील. काय करू?"* — एक वाचक, सातारा

ताई,

आधी आजचं बोलू. कॅप्सूल आणि सकाळचं पाणी, दोन्ही आजपासून थांबवा. हळूहळू कमी करत आणायची गरज नाही, एकदम थांबवलं तरी काही होत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगा, की रात्रीची मेटफॉर्मिन महिनाभर घेतलेली नाही आणि एसजीपीटी 71 आलंय. एवढ्या वाढीसाठी सहसा मेटफॉर्मिन थांबवत नाहीत, त्यामुळे ती पुन्हा सुरू करा असंच बहुधा ते म्हणतील. पण ते त्यांना म्हणू द्या.

71 हा आकडा घाबरून जाण्याजोगा नाही. बहुतेक प्रयोगशाळा 40 च्या आसपासची वरची मर्यादा धरतात, म्हणजे तुमचं एसजीपीटी दुपटीच्या आत आहे. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं हे द्रव्य रक्तात उतरतं. दुपटीच्या आतली वाढ म्हणजे कुठेतरी थोडं दुखावलं जातंय, एवढंच ती सांगते. कशाने, ते या आकड्यावरून कळत नाही. तुमची बहीण म्हणते तसं ते गोळीमुळे असू शकतं, पण "दालचिनी आपण खातोच" हे तिचं जे कारण आहे ना, तिथे मला थांबावंसं वाटतं. कारण तुम्ही खाताय ती दालचिनी कोणती आणि किती, हा सगळा प्रश्न त्यातच आहे.

माझ्या टेबलावर आत्ता दोन तुकडे ठेवले आहेत. एक नेहमीच्या किराणा दुकानातला. रंग काळपट तांबूस, साल रुपयाच्या नाण्यापेक्षा जाड, एकाच थराची, आणि दोन्ही कडा आत वळलेल्या. बोटांनी मोडायला गेलं तर नख दुखतं, याला खलबत्ताच हवा. वास तिखट, नाकात चढणारा. दुसरा तुकडा सिलोनचा म्हणून मुद्दाम मागवलेला. त्याचा रंग फिका, मातकट पिवळा, आणि कापल्या टोकाकडून पाहिलं तर कागदाची सुरळी करावी तसे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात. चिमटीत धरून दाबला की चुरा होतो. वास गोडसर आणि मवाळ.

पहिला कॅशिया. चीन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधून येणाऱ्या दालचिनीच्या भाऊबंद झाडांची साल. आपल्याकडे जुने दुकानदार तिला तज म्हणतात. दुसरी खरी दालचिनी, श्रीलंकेची, आणि आपल्या कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत जी लावतात तीही याच जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेलं 'कोकण तेज' हे वाण याच खऱ्या दालचिनीचं. (कोकणातल्या घरी काढलेली साल नीट तासलेली नसेल तर जाडसर दिसते. त्यामुळे नात्यातल्या कोणी बागेतली साल दिली, तर केवळ जाडीवरून तिला कॅशिया ठरवू नका. झाड कोणतं ते विचारा.) आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही दालचिनी आणि कॅशिया ही दोन वेगळी नावं, दोन वेगळी मानकं आहेत. दुकानात मात्र दोन्ही "दालचिनी" म्हणूनच पुडीत बांधून मिळतात, आणि स्वस्त असल्यामुळे बहुतेक वेळा पुडीत कॅशियाच असते. पूड झाल्यावर तर डोळ्यांनी ओळखणं जवळपास अशक्य. कॅप्सूलमध्ये भरल्यावर प्रश्नच मिटला.

हा फरक चवीपुरता असता तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. कॅशियात कुमारिन नावाचं एक नैसर्गिक सुगंधी द्रव्य भरपूर असतं, आणि खऱ्या दालचिनीत ते जेमतेम नावापुरतं. या कुमारिनचा यकृताशी असलेला संबंध जुना आणि नीट नोंदलेला आहे. अमेरिकेत 1954 सालापासून खाद्यपदार्थात कुमारिन वेगळं काढून घालायला बंदी आहे, आणि आपल्याकडेही ते सुवासासाठी घालायला मनाई आहे. बंदी वेगळं घालण्यावर आहे, सालीत मुळातच असलेल्या कुमारिनवर नाही. म्हणून कॅशियाची पूड बाजारात असते, तिची कॅप्सूलही असते.

माणसाच्या यकृताचं काय होतं, हे कळलं ते कुमारिन औषध म्हणून दिल्यामुळे. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर काही स्त्रियांचा हात सुजतो. त्या सुजेवर कुमारिनच्या गोळ्या दिल्या जात. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 140 स्त्रियांमध्ये हे औषध तपासलं, रोज 400 मिलीग्रॅम. सूज तर उतरली नाहीच, पण औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 6 टक्के जणींच्या रक्तात यकृताला इजा झाल्याची खूण दिसली. हा डोस तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा, हे खरं. तरी दोन गोष्टी त्यातून लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, बहुतेकांना काही झालं नाही. दुसरी, काही थोड्या जणींना झालं, आणि त्या कोण असतील हे आधी सांगता आलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं यकृत कुमारिनला निरुपद्रवी रूप देऊन लघवीवाटे बाहेर टाकतं. काहींच्या बाबतीत असं सरळ होत नाही. असे लोक थोडे असतात, पण आपण त्यांच्यातले आहोत की नाही हे सांगणारी कुठलीही सोपी तपासणी आज आपल्या डॉक्टरांच्या हाताशी नाही. दिलासा एवढाच की कुमारिन बंद केल्यावर यकृत सहसा पूर्ववत होतं.

आता तुमचा हिशेब करू. पत्रातले आकडे नीट दिलेत, त्यामुळे हिशेब करता येतो.

युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने रोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल अशी कुमारिनची मर्यादा ठरवली आहे: वजनाच्या दर किलोमागे 0.1 मिलीग्रॅम. तुमचं वजन 54 किलो, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला 5.4 मिलीग्रॅम. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने कॅशियात सरासरी एका ग्रॅमला 3 मिलीग्रॅम कुमारिन धरलं आहे. तुमच्या चार कॅप्सूल मिळून 2 ग्रॅम, म्हणजे 6 मिलीग्रॅम. मर्यादा इथेच किंचित ओलांडली. त्यावर सकाळचा अर्धा चमचा. चहाचा चमचा धरला तर तो साधारण सव्वा ग्रॅम भरतो, म्हणजे आणखी पावणेचार मिलीग्रॅम. एकूण पावणेदहा. मर्यादेच्या पावणेदोन पटीहून किंचित जास्त, आणि तेही रोज, चार महिने.

हा हिशेब सरासरीवरचा आहे, आणि इथली सरासरी फसवी असते. इंडोनेशियातल्या झाडांची साल तपासली तेव्हा एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांतही कुमारिनचं प्रमाण खूप वेगवेगळं निघालं. तुमच्या डब्यात सरासरीच्या निम्मं असेल, किंवा दुप्पट. तुमच्या कॅप्सूल खऱ्या दालचिनीच्या असल्या, तर हा सगळा हिशेब एकदम नगण्य होतो आणि मग आपल्याला दुसरीकडे शोधायला हवं. म्हणून डबा हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. 'सिनॅमोमम व्हेरम' किंवा 'सिनॅमोमम झेलॅनिकम' असं लॅटिन नाव असेल तर ती खरी दालचिनी. 'कॅशिया', 'ॲरोमॅटिकम', 'बर्मानाय' किंवा 'लॉरेरॉय' असेल तर ती कॅशियाच्या घराण्यातली. नुसतं 'दालचिनी' किंवा 'सिनॅमन' छापलं असेल तर कॅशियाच समजून चाला. 'अर्क' असं लिहिलेलं असेल तर वरचा हिशेब लावता येत नाही, कारण अर्क काढताना कुमारिन किती आलं आणि किती मागे राहिलं, हे अर्क कशात काढला त्यावर ठरतं आणि डब्यावर ते सांगितलेलं नसतं.

तुमच्या मनात आत्ता येईल, की मर्यादा ओलांडली म्हणजे यकृताला इजा झालीच का? नाही, तसं नाही. ही मर्यादा कुत्र्यांवरच्या अभ्यासातून काढली आहे. ज्या मात्रेला त्यांच्या यकृताला काही झालं नाही, तिला शंभराने भागून ती आली. त्यामुळे सणावाराला चार दिवस जास्त खाल्लं तर चिंता नाही. युरोपच्या संस्थेनेही म्हटलंय की एक-दोन आठवडे तिपटीपर्यंत गेलं तरी फारसं बिघडत नाही. प्रश्न महिनोन्महिने रोज घेण्याचा आहे, आणि ज्यांचं यकृत आधीच काही सोसतंय त्यांचा.

म्हणूनच बहिणीच्या म्हणण्याकडे मी पुन्हा येते. मसाल्यातली दालचिनी आणि ही दालचिनी यांत जातीचा फरक नसला तरी मापाचा आहे. सहा माणसांच्या मसालेभातात आपण बोटभर तुकडा घालतो, तो काढूनही टाकतो. गोड्या मसाल्यात ती दहा-पंधरा जिनसांपैकी एक, आणि आमटीत पडतो त्या मसाल्याचा एक चमचा, तोही घरभरासाठी. तुमच्या ताटात येते ती चिमूटभरसुद्धा नसते. ती अगदी खुशाल खा, चहात कधी तुकडा टाकलात तरी हरकत नाही. तुम्ही रोज एकटीने सव्वातीन ग्रॅम घेत होता. मसाल्याच्या वाटेने एवढी दालचिनी एका दिवसात पोटात जाणं अवघड आहे, आणि पदार्थ बेचव होईल तो वेगळाच. कॅप्सूलमध्ये चव नसते, म्हणून जीभ आपल्याला अडवत नाही.

बहिणीचं दुसरं म्हणणं, कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलचं, अगदीच चुकीचं नाही. स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी काहींचं एसजीपीटी थोडं वाढतं. पण ही गोळी तुम्ही मागच्या वर्षीही घेत असाल, आणि तेव्हा आकडा 34 होता. तसं असेल तर मधल्या काळात नवीन आलेली वस्तू कॅप्सूल आहे. 2015 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 73 वर्षांच्या एका बाईंची हकीकत छापून आली होती. त्या कित्येक महिने स्टॅटिन घेत होत्या, काही त्रास नव्हता. दालचिनीच्या गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात पोटदुखी, उलट्या होऊन रुग्णालयात दाखल झाल्या. यकृताची द्रव्यं खूप वाढलेली होती. दोन्ही बंद केलं, बऱ्या झाल्या, आणि पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केल्यावर त्रास परत झाला नाही. एका रुग्णाच्या हकीकतीवरून नियम बनत नाही. पण तुमच्या घरात आज जो प्रश्न उभा आहे, की दोघांपैकी कोणाला बाजूला करायचं, त्याचं उत्तर त्या डॉक्टरांनी कसं शोधलं, ते यात दिसतं. हृदयाला राखणारी गोळी सोडून देण्याआधी, जिच्यावाचून आपलं काही अडत नाही ती कॅप्सूल सोडून पाहावी.

तिसरा संशयितही आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत सर्रास आढळणारा. मधुमेह असलेल्यांच्या यकृतात चरबी साठलेली असणं फार नेहमीचं आहे, बारीक अंगाच्या बायकांमध्येही. तेवढ्यानेही एसजीपीटी 60-70 पर्यंत जातं. तुम्ही रात्रीची मेटफॉर्मिन सोडल्यामुळे साखरेवरचा लगाम सुटला असेल, तर त्याचाही थोडा हात असू शकतो. शिवाय घरात अजून काय चालू आहे ते आठवा: गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, वजन कमी करायचं कुठलं चूर्ण, सांधेदुखीसाठी वरचेवर पॅरासिटामॉल. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना मुंबईच्या डॉक्टरांनीच नोंदवल्या आहेत. यांपैकी काही घेत असाल तर तेही थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. नाहीतर कॅप्सूल बंद करून काढा चालू ठेवला, तर रिपोर्टमधून काहीच उलगडणार नाही.

कोण दोषी ते ओळखायची वाट साधी आहे. दालचिनी बंद, बाकी औषधं डॉक्टर सांगतील तशी चालू, आणि चार ते सहा आठवड्यांनी यकृताची पूर्ण तपासणी, म्हणजे एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज सगळं. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. शिबिरातला आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा यांची तुलना कधी कधी फसवते. 71 वरून आकडा 40 च्या आसपास उतरला, तर कॅप्सूलवरचा संशय बळकट झाला, आणि मग ती पुन्हा घेऊन खात्री करायला जायचं नाही. पुन्हा घेतल्यावर होणारी इजा पहिल्यापेक्षा जोरात होऊ शकते. आकडा तिथेच राहिला तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्या सांगतील, त्या करून घ्या. वाढून 120 च्या पुढे, म्हणजे तिपटीवर गेला, तर सहा आठवड्यांचा विचार सोडून लगेच त्यांना गाठा. आणि मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

आता साखरेबद्दल, कारण मला वाटतं पत्राच्या मुळाशी तेच आहे. 148 वरून 131 हे तुम्हाला कॅप्सूलचं यश वाटतंय, आणि त्या आधारावर तुम्ही मेटफॉर्मिन निम्मी केलीत. तुमच्याच पत्रातला दुसरा आकडा पाहा. एचबीएवनसी 7.4 होतं ते 7.3 झालं. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि 0.1 चा फरक तर तपासणीतल्या चढउताराचाही असतो. म्हणजे एका सकाळची साखर उतरलेली दिसली, पण दिवसरात्र मिळून साखर होती तिथेच राहिली.

हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही. 2003 साली पाकिस्तानात 60 मधुमेहींवर एक अभ्यास झाला, 1, 3 आणि 6 ग्रॅम कॅशिया 40 दिवस दिली, आणि उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी उतरली. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक दाव्यांचं मूळ तिथे आहे. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी चाचण्या झाल्या आणि एवढं यश पुन्हा सरसकट मिळालं नाही. 2012 साली वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून 577 माणसं होती. निष्कर्ष असा, की मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. पुढच्या वर्षी आणखी एका गटाने तशाच चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा उपाशीपोटीची साखर सरासरी 24-25 ने उतरलेली दिसली, पण एचबीएवनसीत ठळक फरक नव्हता. तुमच्या दोन आकड्यांचं चित्र नेमकं हेच आहे. मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसांचं जे नुकसान होतं, त्याचं नातं डॉक्टर या तीन महिन्यांच्या सरासरीशी लावतात. मेटफॉर्मिन ती सरासरी खाली आणते, हे वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. तुम्ही जे सोडलं आणि जे धरलं, त्यांत असा अदलाबदलीचा सौदा झाला आहे.

आणि एक विचारते. कॅप्सूल सुरू केल्या त्या चार महिन्यांत आणखी काय बदललं? सकाळी दालचिनीचं पाणी प्यायला लागलेल्या कितीतरी जणी त्याच आठवड्यात चहातली साखर सोडतात, रात्रीचं जेवण लवकर करतात, फिरायला जाऊ लागतात. उपाय सुरू केला की माणूस सावध होतो, आणि त्या सावधपणाचं श्रेय डब्याला मिळतं. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर ते चालू ठेवा. 131 त्याचं असेल.

खऱ्या दालचिनीच्या कॅप्सूल घेतल्या तर, असं पुष्कळ वाचक विचारतात. यकृताची काळजी त्याने बरीचशी मिटते, कारण कुमारिन जवळपास नसतं. पण ज्या चाचण्यांत साखर उतरली त्यांतल्या बऱ्याचशा कॅशियावर झालेल्या आहेत. म्हणजे ज्या सालीबद्दल थोडाफार पुरावा आहे तिच्यात कुमारिन, आणि जिच्यात कुमारिन नाही तिच्याबद्दलचा पुरावा आणखी तोकडा. माझं मत विचाराल तर त्या पैशाची साखर मोजायची पट्टी घ्यावी. तरीही कोणाला घ्यायचीच असेल, तर लॅटिन नाव छापलेला डबा, दिवसाला एक ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना सांगून, आणि दोन-तीन महिन्यांनी एसजीपीटी पाहून. ज्यांना आधी कावीळ झाली आहे, यकृतात चरबी सांगितली आहे, रोज दारू घेतात, किंवा क्षयरोगाची औषधं चालू आहेत, त्यांनी कॅशियाच्या वाटेला जाऊच नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक खूप खाली जाण्याचा धोका वेगळा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी दालचिनीने रक्त आणखी पातळ होईल म्हणून घाबरायचं कारण नाही. वॉरफरिन कुमारिनच्याच गटातली म्हणवली जाते, तरी कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. पण त्यांनी कुठलंही पूरक घेण्याआधी डॉक्टरांना विचारावंच. आणि लहान मुलाला "सवय लागू दे" म्हणून दालचिनीपूड दुधातून रोज देऊ नका. 15 किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलीग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम कॅशिया, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा.

राहिला डॉक्टरांच्या रागाचा मुद्दा. तुम्ही ज्या भीतीने गप्प आहात, त्याच भीतीने माझ्यासमोर बसलेली माणसंही "दुसरं काही घेत नाही" म्हणतात, आणि दहा मिनिटांनी पिशवीतून डबा निघतो. डॉक्टर रागावतीलही कदाचित. पण त्यांना कॅप्सूलबद्दल ठाऊक नसेल, तर 71 पाहून ते जी गोळी त्यांच्या यादीत आहे तिच्यावरच संशय घेतील, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या. बहिणीने जे सुचवलं तेच मग डॉक्टरांच्या हातून होईल. म्हणून डबा न्या, पूड आणली असेल तर तिची पुडीही न्या. एका कागदावर लिहा: कॅप्सूल कधी सुरू केल्या, किती, कधी थांबवल्या, रात्रीची मेटफॉर्मिन कोणत्या तारखेपासून सोडली, मागच्या वर्षीचं एसजीपीटी 34, आताचं 71. बोलायला अवघड गेलं तर तो कागद नुसता पुढे करा. त्यातल्या तारखा पाहिल्या की पुढचं ते स्वतः विचारतील.

भाच्याने प्रेमाने आणून दिल्या, त्याला वाईट वाटेल, असंही तुमच्या मनात असणार. त्याला स्वच्छ सांगा, की यकृताचा रिपोर्ट वर आलाय म्हणून थांबवल्या. आणि त्याच्या घरी कोणी त्याच कॅप्सूल घेत असेल, तर त्यांनाही एकदा एसजीपीटी करायला सांगा. उरलेला डबा कोणाला देऊन टाकू नका. सहा आठवड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत तो कपाटात तसाच ठेवा, कारण डॉक्टरांना त्यावरचा बॅच क्रमांक लागू शकतो.